संध्याकाळच्या दुधाची डिग्री

आमच्या घरी दोन संकरित गायी होत्या आणि डेअरीला दूध घालायचं काम आईचं. डेअरीतून मिळालेल्या पावत्या ती देवळीतल्या खिळ्याला टोचून ठेवायची. पंधरवडा संपला की त्या काढून वहीत उतरवायची. अशाच एका उन्हाळ्यात तिच्या लक्षात आलं की सकाळच्या दुधाला एसएनएफ ८.५ लागतो, संध्याकाळच्या दुधाला मात्र रोज ८.१. गायी त्याच, वैरण तीच. तिने सचिवांना विचारलं, "आण्णा, संध्याकाळचंच कसं कमी लागतंय ओ?" आण्णा म्हणाले, "उन्हाळा हाय वहिनी, पातळ होतंयच."

उत्तर अर्धं खरं होतं. उन्हाच्या तडाख्यात गाय कमी खाते, आणि खाणं घटलं की दुधातले घन पदार्थही घटतात. पण मग सकाळचं दूध का घटत नव्हतं, हा आईचा प्रश्न उरलाच.

या प्रश्नात शिरण्याआधी रजिस्टरमधली एक ओळ नीट वाचू. तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. दिवसाच्या दोन ओळी, म्हणजे पंधरवड्याच्या तीस. फॅट म्हणजे स्निग्धांश. फॅट आणि पाणी सोडून दुधात जे उरतं ते एसएनएफ: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. या दोन आकड्यांवरून दरपत्रकातला दर ठरतो. दरपत्रक पाढ्यांच्या तक्त्यासारखं असतं. एका बाजूने फॅट, दुसऱ्या बाजूने एसएनएफ, आणि दोन्ही रेघा जिथे मिळतील त्या घरातला आकडा म्हणजे लिटरचा भाव. ०.१ च्या फरकाला पॉइंट म्हणतात.

गायीच्या दुधाचा मूळ भाव आपल्याकडे बहुधा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. समजायला सोपं जावं म्हणून एक दरपत्रक कल्पू. मूळ भाव ३२ रुपये. फॅट एका पॉइंटने वाढलं की ३० पैसे जास्त, घटलं की ३० पैसे कमी. एसएनएफ ८.५ पासून ८.३ पर्यंत उतरताना पॉइंटमागे ३० पैसे कपात, पण ८.३ च्या खाली गेलं की पॉइंटमागे थेट १ रुपया. असा कडा कमी-जास्त प्रमाणात बऱ्याच दरपत्रकांत असतो. शेतकऱ्याचा पैसा गळतो तो इथे.

आता संध्याकाळची ओळ. दूध ७ लिटर, फॅट ४.०. फॅटचे पाच पॉइंट जास्त, म्हणून भाव ३३.५० वर चढला. एसएनएफ ८.१ असल्याने ८.३ पर्यंतचे ६० पैसे आणि पुढच्या दोन पॉइंटांचे २ रुपये, असे २.६० गेले. दर ३०.९०, रक्कम २१६.३०.

तो ८.१ आला कुठून? आमच्या संस्थेत तेव्हा लॅक्टोमीटर होता. पाण्यात बुडवतात तशी काचेची कांडी दुधात सोडायची, ती जिथवर तरंगेल तो आकडा वाचायचा. यालाच गावात डिग्री म्हणतात. डिग्रीला चारने भागायचं, त्यात फॅटचा चौथा हिस्सा मिळवायचा आणि वर ०.४४ घालायचे, की एसएनएफ मिळतो. फॅट का मिळवायचं? चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. दुधात ती जास्त असेल तर कांडी खोल जाते आणि डिग्री कमी दिसते, म्हणून तिची भरपाई करावी लागते. साय काढून वर पाणी घातलेलं दूध नुसत्या डिग्रीला पकडता येत नाही, तेही याच कारणाने. साय काढल्याने डिग्री चढते, पाण्याने उतरते, आणि दोन्ही मिळून आकडा जागेवर राहतो. तेव्हा फॅटच खरं सांगतं.

आईच्या दुधात पाण्याचा प्रश्न नव्हता. डिग्री २७ वाचली जायची. २७ भागिले चार म्हणजे ६.७५, फॅटचा चौथा हिस्सा १.००, वरचे ०.४४. बेरीज ८.१९. दुसरा दशांश सोडून देण्याची पद्धत होती, म्हणून पावतीवर ८.१.

पण ही कांडी २७ अंश सेल्सिअसच्या दुधासाठी आखलेली असते. कोमट दूध पातळ वागतं, कांडी खोल जाते. प्रत्येक जास्तीच्या अंशामागे डिग्रीत सुमारे ०.२ मिळवायचे असतात. सकाळी आई आधी घरचं सगळं आवरायची, तोवर किटली गार व्हायची. संध्याकाळी मात्र धार काढली की तशीच डेअरीला पळायची, आणि रांगेत तिचा नंबर पहिल्या दोघा-तिघांत लागायचा. दूध ३३ अंशांवर असलं तर सहा अंशांचे १.२ मिळवून खरी डिग्री २८.२ होते. तिला चारने भागलं की ७.०५, आणि एसएनएफ ८.४९. दुसरा दशांश सोडला तरी ८.४. दर ३३.२०, रक्कम २३२.४०. एका संध्याकाळी १६.१० रुपयांचा फरक, पंधरा संध्याकाळचा २४१.५०. दोन गायींच्या घरात एवढ्याने पेंडीच्या पोत्याचा हिशोब हलतो.

आता बहुतेक ठिकाणी नमुना यंत्रात जातो आणि आकडा आपोआप संगणकावर उमटतो. यंत्रही चुकतं, फक्त त्याच्या चुका वेगळ्या. नळीत चरबीचा थर बसला, नमुन्यात हवेचे बुडबुडे राहिले, किंवा किटली न हलवता वरवरचं दूध घेतलं, की आकडा सरकतो. वरचं दूध घेतलं तर फॅट जास्त, तळचं घेतलं तर कमी. ओळखायची सोपी रीत म्हणजे तोच नमुना नीट हलवून पुन्हा लावायला सांगणं. दोन वेळांत दोन-तीन पॉइंटांचा फरक आला तर दोष दुधात नाही. फॅटबद्दल वाद मिटला नाही तर गर्बर पद्धतीने तपासणी होते: १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, आणि मग फिरवून वर आलेली चरबी नळीवर मोजायची. वेळ लागतो, ॲसिड सांभाळावं लागतं, पण यंत्र बरोबर आहे का हे याच पद्धतीशी ताडून पाहतात.

बिलाखाली छापलेल्या सरासरीवर मात्र कधीही विसंबू नये. एका संध्याकाळी एसएनएफ ८.५ आणि दुसऱ्या संध्याकाळी ८.१ लागला तर सरासरी ८.३ दिसते, आणि वाटतं की लिटरला ६० पैसेच गेले. दर तर प्रत्येक ओळीचा वेगळा लागलेला असतो. पहिल्या संध्याकाळी कपात शून्य, दुसऱ्या संध्याकाळी २.६०. ७ लिटरच्या दोन ओळी धरल्या तर सरासरीने ८.४० रुपये कपात व्हायला हवी, प्रत्यक्षात १८.२० होते. एकच वाईट ओळ कड्याखाली गेली की दुसऱ्या दिवशीच्या चांगल्या दुधाने ती भरून निघत नाही. म्हणून पावत्या जपून ठेवायच्या आणि बिल ओळीओळीने ताडून पाहायचं. पंधरवड्याच्या मध्येच दरपत्रक बदललं असेल तर नवा दर नेमक्या कुठल्या तारखेच्या ओळीपासून लागला, तेही त्यातच दिसतं. पेंडीची उचल आणि ठेवीची कपात त्यानंतर तपासायची. ती बेरीज कोणालाही जमते, चूक बहुधा वरच्या ओळींत असते.

आईने शेवटी किटली थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून अर्ध्या तासाने दूध नेलं, तीन संध्याकाळ. तीनही पावत्यांवर एसएनएफ ८.४ आला. त्या पावत्या तिने आण्णांच्या टेबलावर जुन्या पावत्यांशेजारी मांडल्या. त्यांनी दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं, मग कपाटातून थर्मामीटर काढून पुसला. पुढच्या पंधरवड्यापासून रजिस्टरमध्ये डिग्रीच्या शेजारी पेन्सिलने तापमान लिहिलं जाऊ लागलं. आधीचं बिल वाटून झालं होतं, ते तसंच राहिलं.