मुहूर्त कोणाच्या हातात?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘धर्म मुहूर्त मानतो की नाही?’ आज आपण तोच प्रश्न घेऊ. मात्र त्याची आधी फोड करावी लागते. काळ मोजणं ही एक गोष्ट आणि काळात शुभ-अशुभ घडवण्याची शक्ती आहे असं मानणं ही दुसरी. पहिली गोष्ट बहुतेक सर्व धर्मांना लागतेच. वाद होतो तो दुसरीवर.

पालीतल्या जातककथांमध्ये ‘नक्खत्त जातक’ नावाची एक कथा आहे. दोन कुटुंबं लग्न ठरवतात, दिवसही पक्का करतात. नंतर वराकडचे लोक आपल्या नेहमीच्या आजीवक साधूला विचारायला जातात, की आज नक्षत्र ठीक आहे ना? दिवस ठरवताना आपल्याला विचारलं नाही, याचा त्याला राग आलेला असतो. तो सांगून टाकतो की आज नक्षत्र वाईट आहे, लग्न केलंत तर सर्वनाश होईल. वऱ्हाड घरीच थांबतं. इकडे मुलीकडे सगळी तयारी झालेली. ते वाट पाहतात आणि शेवटी त्याच दिवशी मुलगी दुसऱ्या घरी देतात. दुसऱ्या दिवशी पहिलं वऱ्हाड येतं आणि मग भांडण जुंपतं. कथेचा रोख असा, की हाती आलेलं काम पार पडणं हाच शुभयोग. तारे त्यात काय करणार?

इथे नीट पाहू या. नुकसान नक्षत्रानं केलं नाही. ते दिलेला शब्द मोडल्यानं झालं, आणि त्यामागे सल्ला देणाऱ्याचा दुखावलेला अहंकार होता.

मग वैदिक परंपरेचं काय? वेदांग ज्योतिष हे मुळात यज्ञाचा काळ ठरवण्याचं गणित. त्यात जन्मपत्रिका नाही. आश्वलायन गृह्यसूत्र विवाहासाठी उत्तरायण, शुक्ल पक्ष आणि शुभ नक्षत्र सांगतं. पण लगेच पुढे हेही नोंदवतं, की काहींच्या मते विवाह कोणत्याही काळी चालतो. म्हणजे मतभेद आपल्या घरातलाच आहे! मनुस्मृती तर नक्षत्रांवर पोट भरणाऱ्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते.

इस्लाममध्येही हीच फोड दिसते. महिने चंद्रावर, नमाजाच्या वेळा सूर्यावर. पण पैगंबरांचा लहान मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणू लागले, हे ग्रहण त्याच्यासाठीच. तेव्हा स्वतः शोकात असलेल्या पैगंबरांनी सांगितलं, की कोणाच्या जन्ममृत्यूमुळे ग्रहण लागत नाही.

तेव्हा आपण पंचांग उघडलं, की एवढंच तपासावं: आपण सगळ्यांच्या सोयीचा एक दिवस ठरवतो आहोत, की ठरलेला शब्द मोडायला कारण शोधतो आहोत? पहिल्याला कोणत्याही धर्माची हरकत दिसत नाही. दुसऱ्यात मात्र कोणाची तरी मुलगी मांडवात वाट पाहत असते.