११० पीएसची गाडी डायनोवर ९२ च का दाखवते? मधले १८ पीएस जातात कुठे?

नवी मुंबईतल्या कुठल्याही कार ग्रुपवर दर काही दिवसांनी एक फोटो फिरत असतो. डायनोवरून उतरलेल्या गाडीचा ग्राफ आणि खाली कॅप्शन, "कंपनी ११० म्हणते, निघाले ९२. फसवणूक!" मग दोनशे कमेंट्स पडतात. अर्धे जण कंपनीला शिव्या घालतात आणि उरलेले म्हणतात, "भाऊ, १५ टक्के लॉस धर, बरोबर येतंय."

गंमत म्हणजे दोन्ही बाजू चुकतायत. कंपनीचा आकडा खोटा नसतो आणि ते १५ टक्के कुणी मोजलेलेही नसतात.

आधी नावापासून सुरुवात करू. बीएचपी म्हणजे ब्रेक हॉर्सपॉवर. यातल्या ब्रेकचा तुमच्या पायाखालच्या ब्रेकशी संबंध नाही. १८२१ मध्ये गास्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनिअरने फिरत्या शाफ्टला ब्रेकने आवळून त्याची ताकद मोजायची पद्धत काढली, तिथून हा शब्द चिकटला. आजही तत्त्व तेच आहे. पुण्यातल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत इंजिन गाडीतून वेगळं काढून बेंचवर बसवतात आणि त्याचा क्रँकशाफ्ट थेट डायनोला जोडतात. म्हणजे जाहिरातीतला आकडा येतो तेव्हा गिअरबॉक्स, ॲक्सल, टायर यांतलं काहीच मध्ये नसतं. (पीएस हे मेट्रिक हॉर्सपॉवर. ते बीएचपीपेक्षा जेमतेम दीड टक्का लहान असतं, त्यामुळे ११० पीएस म्हणजे सुमारे १०८.५ बीएचपी.)

ट्यूनिंगवाल्याकडचा डायनो वेगळा असतो. तिथे अख्खी गाडी रोलरवर चढवतात, पट्ट्यांनी बांधतात आणि एका गिअरमध्ये रेडलाईनपर्यंत ताणतात. रोलरला कळतं ते एवढंच, की टायर त्याला किती जोराने फिरवतोय. हीच व्हील हॉर्सपॉवर.

आता उदाहरण घेऊ चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआयचं. कागदावर ११० पीएस, मॅन्युअल गिअरबॉक्स, पुढच्या चाकांना ड्राईव्ह. समजा ती रोलरवर ९२ दाखवते. फरक १८ पीएसचा, म्हणजे सुमारे १३ किलोवॅटचा. घरातला २ किलोवॅटचा गिझर आठवा. तसे साडेसहा गिझर एकदम चालू केल्यावर जेवढी उष्णता निघेल, तेवढी शक्ती मध्येच कुठेतरी गेली.

"गिअरबॉक्सने खाल्ली" हे नेहमीचं उत्तर. पण जरा हिशेब करा. गिअरबॉक्समध्ये तेल असतं साधारण दोन लिटर. १३ किलोवॅट उष्णता फक्त त्या तेलात शिरली तर त्याचं तापमान दर सेकंदाला तीन-चार अंशांनी वाढेल. गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं कवच यातली बरीच उष्णता ओढून घेईल हे खरं, तरी एक्सप्रेसवेवर जोरात चालवलेली गाडी लोणावळ्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही. प्रत्यक्षात अशा गाड्यांना गिअरबॉक्ससाठी वेगळा कूलरही लागत नाही. म्हणजे सगळा दोष गिअरबॉक्सचा असूच शकत नाही.

मोठा वाटा खातो टायर. रस्ता सपाट असतो, रोलर गोल असतो. रोलरवर रबर जास्त दबतं, पुन्हा फुगतं, आणि सेकंदाला कित्येक वेळा हे होताना गरम होतं. त्यात पट्ट्या करकचून आवळल्या की टायर आणखी दबतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर आणखी. त्यामुळे गाडी तीच, इंजिन तेच, पण पट्टी आणि हवा बदलली तर आकडा बदलतो.

मग गिअरबॉक्स किती खातो? त्याचे दोन भाग असतात. एक म्हणजे तेल घुसळणं आणि बेअरिंग-सीलचं घर्षण. हे वेगावर अवलंबून असतं, इंजिन किती जोर लावतंय त्यावर फारसं नाही. दुसरा म्हणजे गिअरचे दात दाबाखाली एकमेकांवर घासणं, जे जोर वाढला की वाढतं. पोलोसारख्या गाडीत ताकद दातांच्या दोन जोड्यांमधून जाते आणि प्रत्येक जोडी साधारण एक-दोन टक्के घेते. नाशिकला बनणाऱ्या थारचं गणित वेगळं. तिथे ट्रान्सफर केस आहे, लांब प्रोपेलर शाफ्ट आहे, आणि मागे क्राउन-पिनियनमध्ये ताकदीला काटकोनात वळावं लागतं. तिथले दात एकमेकांवर घसरत फिरतात, म्हणून लॉस जास्त.

आता पोलोचा हिशेब लावू. ग्राफच्या टोकाला पोचल्यावर ऑपरेटर क्लच दाबतो आणि रोलर आपोआप मंदावू देतो. ते किती वेगाने मंदावतात त्यावरून टायर, तेल आणि बेअरिंगचा ओढा कळतो. याला कोस्टडाऊन म्हणतात. समजा तो आला १४ पीएस. उरलेले ४ कुठे? ते दातांमधले. क्लच दाबल्यावर दातांवर जोरच राहत नाही, म्हणून ते कोस्टडाऊनमध्ये दिसत नाहीत. चांगला डायनोसुद्धा इथे थोडा कमी पडतो.

हे सगळं कळून फायदा काय? रिमॅप करताना तुमचे पैसे याच ठिकाणी लागलेले असतात. समजा रिमॅपनंतर रोलरवर ११८ आले. जुन्याच टक्केवारीने, म्हणजे ९२ ला ११० या प्रमाणात, वाढवलं तर इंजिनचे १४१ होतात. पण टायर आणि तेलाचे १४ तर त्याच वेगाला जवळपास तेवढेच राहिले, फक्त दातांचा लॉस थोडा वाढला. तसा हिशेब केला तर येतात १३७. हा चारचा फरक मी सोडून देईन. पण कुणी स्लिपवर "२५ टक्के लॉस" टाकला, तर ११८ ÷ ०.७५, म्हणजे थेट १५७! इंजिनला हात न लावता वीस पीएस छापून आले. स्लिपवरचा "इंजिन पॉवर" हा आकडा असा गणिताने आलेला असतो, हे बहुतेकांना सांगितलंच जात नाही.

आणखी एक जागा आहे जिथे ताकद जाते, पण वाया जात नाही. रोलरचा वेग वाढत असताना इंजिनला फ्लायव्हील, गिअर आणि चाकंही वेगात आणावी लागतात. ती ऊर्जा त्यांच्या फिरण्यात साठते. म्हणून जड अलॉय टाकले की इंजिन तेच असूनही आकडा घसरतो, आणि खालच्या गिअरमध्ये तर जास्तच. (हिशेब सोपा राहावा म्हणून वरच्या आकड्यांत हे धरलेलं नाही.)

हवामानही मध्ये येतं. पुण्याची उंची आणि नवी मुंबईची दमट हवा यांचा फरक मिटवायला सॉफ्टवेअर आकड्याला एका गुणकाने गुणतं. त्यातला 'एसटीडी' हा जुना गुणक 'एसएई'पेक्षा साधारण चार टक्के जास्त दाखवतो. ग्राफच्या कोपऱ्यात कुठला लिहिलाय ते बघा.

म्हणून रिमॅपला गाडी दिली तर आधीचा आणि नंतरचा ग्राफ एकाच मशीनवर, शक्यतो एकाच दिवशी, त्याच गिअरमध्ये, त्याच टायर प्रेशरवर मागा. आणि दोन्ही व्हील हॉर्सपॉवरमध्येच मागा. आपल्या उदाहरणात तो फरक ९२ ते ११८, म्हणजे २६ पीएस. त्यासाठी कुठलाच लॉस धरावा लागत नाही.