डब्यावरचे पाच टक्के कोणाच्या खिशातून?

घरगुती डबे देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. कर सल्लागाराकडे गेल्यावर त्याला दोन रस्ते सांगितले जातात. एक नेहमीचा, ५ टक्क्यांचा. दुसरा कंपोझिशन योजनेचा, तोही ५ टक्क्यांचाच. दोन्हीकडे दर सारखा असेल तर निवडायचं काय, हा प्रश्न बहुतेकांना पडतो आणि बरेच जण ‘कमी कटकटीचं’ म्हणून कंपोझिशन घेऊन मोकळे होतात. हिशेब मात्र इतका सरळ नाही.

मुळात हे ५ टक्के कुठून आले? जुलै २०१७ मध्ये जीएसटी सुरू झाला तेव्हा साध्या हॉटेलांना १२ आणि वातानुकूलित हॉटेलांना १८ टक्के कर होता. त्या बदल्यात त्यांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळत असे. या वजावटीचा फायदा हॉटेलवाले गिऱ्हाइकाला देत नाहीत, अशी तक्रार झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये जीएसटी परिषदेने गुवाहाटीच्या बैठकीत दर थेट ५ टक्क्यांवर आणला आणि वजावट काढून घेतली. लग्नकार्याच्या केटरिंगवर त्यानंतरही १८ टक्के कर राहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्यात झालेल्या बैठकीत तोही ५ टक्के ठरला. अट तीच, वजावट नाही. खाणावळीचा डबा ‘रेस्टॉरंट सेवे’त बसतो आणि लग्नाची पंगत ‘आउटडोअर केटरिंग’मध्ये, दर दोघांनाही सारखाच. ज्या हॉटेलांत खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथे मात्र जेवणावर १८ टक्के कर लागतो आणि वजावटही मिळते. ‘मीही १८ टक्के भरतो, मला वजावट द्या’ असं म्हणण्याची सोय स्वतंत्र हॉटेलवाल्याला किंवा डबेवाल्याला नाही.

वजावट नसल्याचा फटका रोजच्या बाजारहाटात फारसा जाणवत नाही. भाजीपाल्यावर आणि सुट्या तांदूळ-डाळीवर करच नाही, खाद्यतेलावर ५ टक्के आहे. दुखतं ते व्यावसायिक गॅस सिलिंडरवर. तिथे १८ टक्के कर आहे; १,८०० रुपयांच्या बिलात साधारण २७५ रुपये कराचे असतात आणि ते गेले ते गेलेच. सर्वांत मोठा घाव सुरुवातीला बसतो. डीप फ्रीझर, मोठा ग्राइंडर, कणीक मळायचं यंत्र अशी २ लाखांची सामग्री घेतली, तर तिच्यावरचे १८ टक्क्यांप्रमाणे ३६ हजार रुपये खर्चातच धरावे लागतात. पोर्टलवर मात्र पुरवठादाराने भरलेला हा कर आपोआप जमा दिसतो आणि नवख्याला तो आपलाच वाटतो. ही रक्कम विवरणपत्रात उलटवून दाखवायची असते. ती वापरून कर भागवला, तर पुढे व्याजासकट परत द्यावी लागते.

आता निवडीकडे येऊ. समजा, पुण्यात एक ताई डब्यांचा व्यवसाय करतात. वर्षाचा गल्ला २४ लाख. स्वयंपाकासाठी त्यांनी दुकानाचा एक गाळा महिना १५ हजार रुपये भाड्याने घेतला आहे आणि गाळामालकाची जीएसटी नोंदणी नाही. डबे घेणारे सगळे विद्यार्थी आणि नोकरदार. डबा १०० रुपयांचा ठरला की १०० रुपयांचाच. त्यावर ५ रुपये कर मागितला, तर गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जाईल. म्हणजे कर या १०० रुपयांतूनच काढायचा.

नेहमीच्या पद्धतीत १०५ रुपयांत ५ रुपये कर, या प्रमाणाने २४ लाखांत सुमारे १,१४,२८६ रुपये निघतात. कंपोझिशनमध्ये पूर्ण उलाढालीवर ५ टक्के, म्हणजे १,२०,००० रुपये. नेहमीची पद्धत पावणेसहा हजारांनी स्वस्त दिसते. पण गाळ्याचं भाडं इथे आडवं येतं. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाचा व्यावसायिक गाळा नोंदणी असलेल्याने भाड्याने घेतला, तर भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने स्वतः भरायचा असतो. दुसऱ्या धंद्यात हा कर वजावटीतून परत मिळतो. डबेवाल्या ताईंना मिळत नाही. महिन्याला २,७०० आणि वर्षाला ३२,४०० रुपये त्यांच्या पदरचे जातात. कंपोझिशनवाल्यांना जानेवारी २०२५ मध्ये या नियमातून वगळण्यात आलं. तेव्हा या ताईंसाठी कंपोझिशन वर्षाला सुमारे २६,७०० रुपयांनी फायद्याचं आहे.

याच ताईंकडे दोन कंपन्यांची रोजच्या जेवणाची ऑर्डर आली आणि निम्मा गल्ला, म्हणजे १२ लाख, तिथून येऊ लागला, तर गणित उलटतं. कंपन्यांशी दर ‘अधिक जीएसटी’ असा ठरतो. नेहमीच्या पद्धतीत या १२ लाखांवरचे ६० हजार कंपनी वेगळे देते. ताईंच्या खिशातून फक्त किरकोळ डब्यांचे ५७,१४३ रुपये आणि भाड्यावरचे ३२,४०० रुपये जातात, एकूण ८९,५४३. कंपोझिशनवाल्याला बिलावर कर लावायची परवानगीच नाही. त्याला पूर्ण १,२०,००० रुपये स्वतःच भरावे लागतील. इथे नेहमीची पद्धत तीस हजारांनी सरस ठरते.

‘कंपोझिशन घेतलं तर कंपन्या काम देत नाहीत’ ही बाजारातली समजूत इतर धंद्यांत बऱ्याच अंशी खरी आहे, कारण अशा बिलावर कंपनीला वजावट मिळत नाही. जेवणाच्या बिलावर तर कंपनीला ती एरवीही मिळत नाही. कायद्याच्या कलम १७(५) ने ती रोखली आहे. कायद्यानेच कँटीन चालवणं बंधनकारक असलेले मोठे कारखाने हा त्याला महत्त्वाचा अपवाद. त्यामुळे साध्या कार्यालयाशी बोलताना कंपोझिशनवाल्याने दबून जाण्याचं कारण नाही. दर ठरवतानाच त्याने आपला कर त्यात धरून घ्यावा, म्हणजे वरचा तोटाही बराचसा भरून निघतो. या योजनेत दर तिमाहीला कर आणि वर्षाला एक विवरणपत्र भरायचं असतं.

सीमेवरच्या केटररने मात्र जपून राहावं. केटरिंगची सेवा जिथे प्रत्यक्ष दिली जाते, तिथेच ती झाली असं कायदा मानतो. सावंतवाडीच्या केटररने म्हापशातल्या लग्नाची पंगत घेतली, तर ती आंतरराज्य सेवा झाली आणि कंपोझिशनमध्ये आंतरराज्य सेवेला मनाई आहे. म्हणजे एका लग्नापायी योजनेतून बाहेर पडावं लागतं आणि त्या बिलावर आयजीएसटी लावावा लागतो. गोव्याची कामं नियमित मिळत असतील, तर पहिल्यापासून नेहमीची पद्धतच बरी.

गिऱ्हाइकालाही यातलं एक माहीत असायला हवं. कंपोझिशनवाल्याने ‘टॅक्स इन्व्हॉइस’ द्यायचं नसतं. त्याने ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यायचं आणि आपण कंपोझिशन करदाते असून कर वसूल करू शकत नाही, हे त्यावर लिहायचं. खाणावळीत अशी पाटी लावलेली असेल आणि तरी बिलात ५ टक्के जीएसटी वेगळा दाखवला असेल, तर ती वसुली बेकायदा आहे. शंका आली तर बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकावा. करदाता नेहमीचा आहे की कंपोझिशनचा, हे लगेच दिसतं.

नवी नोंदणी करणाऱ्याला कंपोझिशनचा पर्याय अर्जातच निवडता येतो. आधीच नोंदणी असेल, तर पुढच्या आर्थिक वर्षासाठीचा सीएमपी-०२ हा अर्ज ३१ मार्चपर्यंत भरावा लागतो. मागच्या वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असावी लागते. फेब्रुवारीतच वर्षभराची बिलं काढून किती गिऱ्हाइकांनी कर वेगळा दिला, किती जणांनी ठरल्या पैशांतच डबा घेतला आणि गाळामालकाची नोंदणी आहे की नाही, एवढं कागदावर मांडलं की सल्लागाराशी बोलणं अर्ध्या तासात उरकतं.