‘प्रवास : 30,000’ एवढ्याने भागत नाही

स्वयंसेवी संस्थेत नव्याने आलेल्या इंटर्नच्या वाट्याला प्रस्तावातलं एक काम हमखास येतं. बजेटचा तक्ता तयार असतो, त्याखाली दोन पानांचं ‘बजेट जस्टिफिकेशन’ लिहून द्यायचं असतं. बहुतेकांना वाटतं, खर्च का गरजेचा आहे हे पटवायचं. मग ‘ग्रामीण भागातील मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी प्रवास अत्यावश्यक आहे’ अशी वाक्यं पडू लागतात. देणगीदाराला मात्र एवढंच हवं असतं, की हा आकडा आला कुठून?

नमुन्यादाखल एक छोटा प्रस्ताव घेऊ. एका तालुक्यातल्या दहा जिल्हा परिषद शाळांमध्ये वाचनालय चालवायचं, मुदत जूनच्या मध्यापासून दहा महिने, मर्यादा अडीच लाखांची. उपक्रमाच्या वर्णनात लिहिलंय की समन्वयक प्रत्येक शाळेत महिन्यातून दोनदा जाईल. तक्त्यात मात्र अंदाजपंचे ‘प्रवास : 30,000’.

इथे इंटर्नने कॅल्क्युलेटर काढायला हवा. महिन्यातून दोन म्हणजे दहा महिन्यांत वीस फेऱ्या. अशा वेळी ऑफिसातले अकाउंटंट काका हटकून विचारतात, “दिवाळीच्या सुट्टीत कुणाला पुस्तकं वाटणार आहेस गं?” सुट्टीतली एक फेरी गेली, वार्षिक परीक्षेच्या आठवड्यातली एक गेली, उरल्या अठरा. दिवसाला दोन शाळा होतात, म्हणजे एका फेरीला पाच दिवस, एकूण नव्वद दिवस. दिवसाचं जाऊन-येऊन सरासरी साठ किलोमीटर आणि संस्थेच्या नियमानुसार दुचाकीला किलोमीटरमागे चार रुपये. उत्तर येतं 21,600. आता जस्टिफिकेशनमध्ये हेच दोन वाक्यांत लिहायचं: फेऱ्या किती, अंतर किती, दर कोणता आणि तो कुठल्या नियमाने. ‘अत्यावश्यक’ हा शब्द काढला तरी बिघडत नाही. वर्णनातही ‘सुट्टी आणि परीक्षा वगळून’ हे शब्द घालावे लागतात, कारण परीक्षक दोन्ही पानं शेजारी ठेवूनच वाचतो. ‘महिन्यातून दोनदा’ लिहून पैसे एकाच फेरीचे मागितले, तर संस्थेला आपलंच काम नीट ठाऊक नाही असा अर्थ निघतो. कमी मागणं हा इथे सद्गुण नाही.

पगाराचं गणित सोपं दिसतं, पण खरा घोळ तिथेच होतो. समन्वयकाचा पगार महिना 18,000, आणि आठवड्याच्या सहा दिवसांपैकी तीन दिवस तो या कामावर. म्हणून मागायचे निम्मे, दहा महिन्यांचे 90,000. उरलेला निम्मा पगार कुठून येतो हेही लिहावं. तोच माणूस दुसऱ्या प्रस्तावात सत्तर टक्के दाखवला असेल, तर बेरीज 120 टक्के होते. दोन्ही देणगीदारांचे हिशेब ऑडिटर एकत्र पाहतो, तेव्हा हे लपत नाही.

वस्तूंच्या बाबतीत कोटेशन शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. पुस्तकांच्या लोखंडी रॅकचा भाव 2,800 आणि खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’. अठरा टक्क्यांनी तो रॅक 3,304 ला पडतो. दहा रॅकमागे पाच हजारांचा खड्डा. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या संस्थेला हा कर परत मिळत नाही, त्यामुळे तो खर्चातच धरावा लागतो. छापील पुस्तकांवर मात्र जीएसटी नाही. तिथे सवयीने अठरा टक्के लावले तर आकडा उगाच फुगतो.

राहता राहिला ऑफिसचा खर्च: भाडं, वीजबिल, हिशेबनीस, ऑडिट. संस्था हा मागायला लाजतात आणि ‘किरकोळ’ नावाच्या ओळीत कोंबतात. परीक्षकाचं पेन नेमकं तिथेच थांबतं. त्यापेक्षा सरळ ‘प्रशासकीय खर्च, दहा टक्के’ लिहून त्यात काय काय येतं ते सांगावं. नियमांबद्दल गैरसमजही बरेच आहेत. सीएसआरमधली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. परदेशी देणगीसाठी मात्र 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आधी ही मर्यादा पन्नास टक्के होती. अर्थात देणगीदाराचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून अर्जासोबतची सूचनापत्रिका आधी वाचलेली बरी.

मंजुरीनंतरही ही पानं फाइलबंद होत नाहीत. वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र देताना प्रवासाची वही याच नव्वद दिवसांशी ताडून पाहिली जाते. पेट्रोल महागलं म्हणून संस्थेने मध्येच दर पाच रुपये केला, तर वाढीव रक्कम कुठल्या शीर्षकातून वळवायची, याची लेखी परवानगी खर्च करण्याआधी घ्यावी लागते. मूळ हिशेब फेरी, अंतर आणि दर असा सुटा मांडलेला असेल, तर ते पत्र चार ओळींत होतं.