दोन लाख तीस हजारांचा हिशेब

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम मशीन शॉपचं उदाहरण घेऊ. जुलैचे हिशेब बंद झाले आहेत. कारखान्याच्या ओव्हरहेडचं, म्हणजे कोणत्याही एका जॉबवर थेट न टाकता येणाऱ्या वीज, डिझेल, देखभाल, सुपरवायझरचा पगार अशा खर्चांचं बजेट होतं २० लाख. झाला २२ लाख ३० हजार. मॅनेजर विचारतात, ‘एवढा फरक कसा?’ आणि उत्तराची टिपणी लिहायचं काम येतं कनिष्ठ अकाउंटंटकडे.

‘वीज, डिझेल व देखभाल खर्च वाढल्यामुळे’ असं लिहून अनेक टिपण्या संपतात. मॅनेजरला त्यातून काहीच हाती लागत नाही, कारण खर्च वाढला हे त्यांना आधीच माहीत असतं. चांगली टिपणी आधी दुसराच प्रश्न विचारते: या महिन्यात काम किती झालं?

बजेट ४,००० मशीन-तास धरून केलं होतं. त्यात १२ लाख स्थिर खर्च होता, म्हणजे जागेचं भाडं, विमा, पगार. मशीन चालो वा न चालो, तो होणारच. उरलेले ८ लाख तासाला २०० रुपये या दराने धरले होते. जुलैत ऑर्डर जास्त आल्या आणि मशीन ४,५०० तास चालली. तेवढ्या तासांसाठी बजेट पुन्हा मांडलं, तर १२ लाख अधिक ९ लाख, म्हणजे २१ लाख होतात. यालाच लवचिक बजेट म्हणतात. फरकातला एक लाख असा जादा कामामुळेच आला आहे. तो उधळपट्टीत धरणं सुपरवायझरवर अन्याय करणारं ठरेल. उत्तर द्यायचं आहे ते उरलेल्या १ लाख ३० हजारांचं.

इथून पुढे लेजर पुरत नाही, शॉपवर जावं लागतं.

पहिले ५० हजार मात्र टेबलावरच सापडतात. कॉम्प्रेसरच्या देखभाल कराराचं सहा महिन्यांचं ६० हजारांचं बिल जुलैत आलं आणि सगळं जुलैतच खर्ची पडलं. बजेटमध्ये महिन्याला १० हजार होते. हा जादा खर्च नाही, नोंदीचा महिना चुकला आहे. ५० हजार प्रीपेडला नेले की जुलैचा आकडा सरळ होतो.

पुढचा धागा जनरेटरच्या लॉगबुकमध्ये मिळतो. पावसात वीज वरचेवर गेली आणि बजेटबाहेरचं ७०० लिटर डिझेल जळलं. ९० रुपयांनी ६३ हजार. पण एवढं लिहून थांबलं तर फरक फुगतो. लिटरला साधारण तीन युनिट धरले, तर जनरेटरने २,१०० युनिट वीज दिली. ती महावितरणकडून घ्यावी लागली नाही. युनिटला १० रुपये धरले तरी २१ हजार वाचले. खरा भार ४२ हजारांचा.

राहिले ३८ हजार. स्टोअर्सच्या इश्यू स्लिपा तारखेवार लावल्या की दिसतं, ठरलेल्यापेक्षा ९५ कार्बाइड इन्सर्ट जास्त गेले, प्रत्येकी ४०० रुपयांचे, आणि बहुतेक एकाच आठवड्यात, एकाच मशीनवर. त्या आठवड्यात कास्टिंगचा नवा लॉट लागला होता. ऑपरेटरच्या म्हणण्यानुसार माल कडक होता, कडा पटापट जात होत्या. ऑपरेटरचं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे. शिल्लक कास्टिंगची हार्डनेस तपासली तरच ते ठरेल. टिपणीत हे ‘शक्यता’ म्हणूनच लिहिलं पाहिजे.

याच महिन्यात एक गोंधळ हमखास होतो. जॉबवर ओव्हरहेड तासाला ५०० रुपयांनी चढवला जातो, म्हणून ४,५०० तासांत साडेबावीस लाख वसूल झालेले दिसतात, म्हणजे खर्चापेक्षा २० हजार जास्त. एक तक्ता तोटा दाखवतो, दुसरा नफा. दोन्ही बरोबर आहेत. जादा ५०० तासांनी स्थिर खर्चाचे, तासाला ३०० प्रमाणे, दीड लाख जादा वसूल केले आणि त्यामागे १ लाख ३० हजारांचा जादा खर्च झाकला गेला. ऑगस्टमध्ये ऑर्डर कमी झाल्या तर हे झाकण निघेल. मॅनेजरना हे स्पष्ट सांगायलाच हवं.

या विभागणीलाही मर्यादा आहे. वीजबिलातला डिमांड चार्ज युनिटवर चालत नाही, म्हणून वीज सगळीच्या सगळी तासांवर टाकता येत नाही. आणि काम वाढून तिसरी पाळी सुरू करावी लागली, तर ‘स्थिर’ पगारही एका उडीत वाढतो.

टिपणीचा शेवट मग असा होतो: ‘सर, ५० हजारांची नोंद दुरुस्त करत आहे. डिझेलचे ४२ हजार वीज जाण्यामुळे आहेत. पावसाळ्याच्या पुढील महिन्यांच्या बजेटमध्ये ते धरावेत. इन्सर्टच्या ३८ हजारांसाठी शिल्लक कास्टिंगची हार्डनेस तपासून मिळावी. ती ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाल्यास पुरवठादाराला डेबिट नोट काढता येईल. तोपर्यंत त्या लॉटचे बिल रोखावे, ही विनंती.’