जांभई दिली आणि तोंड मिटेना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सहाच्या सुमारास कसबा पेठेतला एक मुलगा धावतच आला. "डॉक्टर, आजीला लकवा झालाय, लवकर चला!" बॅग उचलून गेलो. सत्तरी ओलांडलेल्या आजी खाटेवर बसल्या होत्या. तोंड आ वासलेले, हनुवटी पुढे आलेली, लाळ गळत होती. बोलायला गेल्या की नुसताच 'आँ आँ' असा आवाज. शेजारच्या बाईंनी कांदा हुंगवून पाहिला होता.

मी आजींना माझे दोन्ही हात दाबायला सांगितले. पकड दोन्हीकडे सारखी आणि चांगली घट्ट! लकव्यात तोंड एका बाजूला वाकडे होते, हातातली शक्ती जाते, पण जबडा मिटतो. इथे नेमके उलटे होते. कानांसमोर बोटे ठेवली तर दोन्हीकडे खळगा लागला. "उठताना मोठी जांभई दिली होती का?" आजींनी जोरजोराने मान हलवली. जबडा निखळला होता.

वाचकहो, तुम्हीही कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी पुढे सरकलेले जाणवेल. ते खालच्या जबड्याचे गोल टोक. कवटीतल्या एका खोबणीत ते बसते आणि मध्ये एक चिवट चकती असते. तोंड थोडे उघडताना हे टोक जागच्या जागी फिरते. जास्त उघडले की पुढे घसरते. खोबणीच्या पुढे हाडाचा एक उंचवटा आहे, दाराच्या उंबरठ्यासारखा. जांभईत, खो खो हसण्यात किंवा दातांच्या डॉक्टरांकडे बराच वेळ तोंड उघडे ठेवल्याने टोक हा उंबरठा ओलांडून पलीकडे पडते.

मग ते आपोआप परत का येत नाही? याचे उत्तर चावण्याच्या स्नायूंत आहे. दात घट्ट आवळले की गालात जो टणक गोळा येतो, तो मॅसेटर. त्याच वेळी कानशिलावर हालणारा तो टेम्पोरॅलिस. जबड्याच्या आतल्या बाजूला तिसरा आहे, आतला टेरिगॉइड. हे तिघेही जबडा वर ओढून तोंड मिटवतात. चौथा, बाहेरचा टेरिगॉइड, टोकाला पुढे ओढून तोंड उघडायला मदत करतो. टोक उंबरठ्यापलीकडे गेले की दुखण्याने हे स्नायू आखडतात. वर ओढणारे तिघे टोकाला उंचवट्याच्या पुढच्या बाजूवर अधिकच दाबून धरतात. माणूस तोंड मिटायला जितकी धडपड करतो, तितके कुलूप पक्के होते.

म्हणून हनुवटी नुसती मागे ढकलून काही साधत नाही. आधी टोक खाली आले पाहिजे, मगच मागे. आजींना मार लागलेला नव्हता, त्यामुळे एक्स-रेसाठी थांबलो नाही. मार लागला असेल तर मात्र हाड मोडले नाही ना, हे आधी पाहावेच लागते. आजींना पाटावर बसवले, डोके भिंतीला टेकवले. अंगठ्यांना गॉजचे जाड वेढे दिले. खालच्या दाढा पडलेल्याच होत्या, म्हणून अंगठे मागच्या हिरड्यांवर ठेवले आणि बाकीची बोटे हनुवटीखाली. मग हिसका न देता खाली दाब दिला आणि तसाच धरून ठेवला. मिनिटभराने स्नायू थकून सैलावल्याचे हाताला कळले. तसाच दाब ठेवून जबडा मागे नेला. खट्! तोंड मिटले.

त्या क्षणी अंगठे झटकन गालाकडे सरकवावे लागतात. इंटर्न असताना मी ते विसरलो होतो आणि रुग्णाने अंगठा चांगलाच चावला होता!

ही विद्या जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या नावाने ती आजही ओळखली जाते, आणि आपल्या सुश्रुतसंहितेतही निखळलेला जबडा शेकून, जागेवर बसवून बांधण्याचे सांगितले आहे. पण घरी कुणी प्रयोग करू नये. रुग्णाला बसते ठेवावे, लाळ पुसत राहावे, खायला-प्यायला देऊ नये आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. हाताची शक्ती गेली असेल किंवा शंका असेल, तर लकवाच समजून थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. एकाच बाजूचा जबडा निखळला तर हनुवटी दुसऱ्या बाजूला सरकते. तिथेही लकव्याची फसगत होते.

बसायला उशीर झाला तर स्नायू इतके आखडतात की झोपेचे इंजेक्शन किंवा भूल द्यावी लागते. काही आठवडे गेले तर शस्त्रक्रियेचीही वेळ येते. विसरभोळ्या, न बोलणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत घरच्यांच्या लक्षातच न आल्याने असे होते. उलटी थांबवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनीही जबड्याचे स्नायू आखडून तो निखळतो. म्हणून चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

आजींच्या डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी बांधली. तीन आठवडे मऊ भात, खिमटी, शिरा. भाकरी आणि चिक्की बंद. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचे नाही आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. ताणलेली बंधने सैल राहिली तर जबडा पुन्हा पुन्हा निखळतो, आणि मग जबड्याच्या शल्यविशारदाकडे जावे लागते. आजींचा पुन्हा निखळलेला नाही. नातू सांगतो, अजूनही कीर्तनात जांभई आली की त्यांची मूठ आधी वर जाते.