समुद्राची कड किती लांब?

खडवलीच्या सात वर्षांच्या मुलीने पाणी पाहिलं होतं ते भातसा नदीचं. तिथे पलीकडचा काठ नेहमी दिसतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला निघालेल्या बोटीच्या वरच्या डेकवर ती उभी राहिली, तेव्हा डावीकडे रायगडचे डोंगर होते, पण नैऋत्येला काठच नव्हता. "बाबा, तिथे समुद्र संपतो का?"

संपत नाही, पृथ्वीच्या गोलाईमुळे तो नजरेआड वळतो. ही कड किती दूर, हे काढता येतं. पाण्यापासून डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. डेकवर मुलीचे डोळे ९ मीटरवर धरले, तर कड सुमारे ११ किलोमीटरवर. तीच मुलगी किनाऱ्यावर पाण्यालगत उभी असती, तर फक्त साडेतीन किलोमीटर!

मग तिला एक जहाज दिसलं, पण खालचा भाग नसलेलं. बुडतंय की काय, म्हणून ती घाबरली. ३० मीटर उंच जहाजाचा माथा डेकवरून सुमारे ३० किलोमीटरपर्यंत दिसू शकतो, पण ११ किलोमीटरच्या पुढे त्याचा खालचा भाग पाण्याआड जाऊ लागतो. मुंबईच्या धुरकट हवेत मात्र हे क्वचितच दिसतं. धुक्यात अख्खं जहाज पुसट होतं, गोलाईमुळे मात्र ते खालूनच कापलं जातं. पाऊस सरल्यावरच्या स्वच्छ दिवशी दुर्बीण घेऊन जा आणि मुलांना वरच्या डेकवर न्या.